अठरा हजार वाचले, अडीच लाख गेले

महिन्याच्या पाच तारखेला सकाळी भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या मालकासमोर दोन कागद येऊन पडतात. पहिला अकाउंट्सच्या मुलाने काढलेला. गेल्या महिन्याचे ओव्हरहेडचे बजेट १८,००,००० रुपये, झालेला खर्च १७,८२,००० रुपये, म्हणजे १८,००० वाचले. दुसरा कागद महिन्यातून दोनदा येणाऱ्या कॉस्ट अकाउंटंट बाईंचा. त्याच्या तळाशी लिहिले आहे: एकूण ओव्हरहेड व्हेरिअन्स २,५२,००० रुपये, प्रतिकूल.

"मॅडम, कारखाना एक, महिना एक, बिलंही तीच," मालक म्हणतात. "मी पेढे वाटू की डोक्याला हात लावू?"

हा कारखाना कागदावरचा आहे आणि आकडे हिशेबाला सोपे जावेत म्हणून गोल घेतले आहेत. पण भोसरी, चिंचवड किंवा शिरोलीच्या शेडमधून ज्याने दोन-चार चकरा मारल्या आहेत त्याला तो ओळखीचा वाटेल. दहा सीएनसी मशिने, आठ-आठ तासांच्या दोन शिफ्ट, महिन्याचे पंचवीस कामाचे दिवस. म्हणजे नेहमीच्या महिन्यात ४,००० मशिन-तास. फोर्जिंग बाहेरून येते, त्यातून गाडीचा एक हब कातून द्यायचा, एवढेच काम. एका हबला ठरलेला वेळ १२ मिनिटे. तासाला पाच नग, महिन्याला २०,०००.

कच्चा माल आणि मशिनवरच्या ऑपरेटरची मजुरी सोडून उरलेला कारखान्याचा खर्च म्हणजे इथे ओव्हरहेड. त्याचे दोन भाग पडतात. शेडचे भाडे, मशिनचा घसारा, सुपरवायझरचा पगार, विमा, देखभालीचा करार हे सगळे मशिन चालो वा न चालो, द्यावेच लागते. त्याचे बजेट महिन्याला १२,००,००० रुपये. दुसरा भाग मशिनबरोबर पळतो: विजेची युनिटे, कूलंट, तेल, कातणारे कार्बाइडचे इन्सर्ट, पुसायच्या चिंध्या. तो तासाला १५० रुपये धरला आहे. बारा लाखांना ४,००० तासांनी भागले की स्थिर खर्चाचा दर तासाला ३०० येतो. दोन्ही मिळून ४५० रुपये तास. एका हबला बारा मिनिटे, म्हणून एका हबवर ओव्हरहेडचे ९० रुपये चढतात. ग्राहकाला कोटेशन देताना मालकांनी हेच नव्वद धरले होते.

गेल्या महिन्यात ग्राहकाने शेड्यूल कापले. १७,००० हबच निघाले, आणि मशिनच्या लॉगबुकात ३,६०० तास भरले.

पहिल्या कागदाची गफलत इथेच आहे. त्यातले अठरा लाख हे ४,००० तासांचे, म्हणजे २०,००० हबांचे बजेट. लग्नाला दोनशे पानांचा अंदाज देऊन दीडशेच पाने उठली आणि खर्च अंदाजापेक्षा थोडा कमी आला, तर आचाऱ्याने काटकसर केली असे कोणी म्हणत नाही. पाने किती उठली ते आधी विचारतात. कारखान्याच्या हिशेबात हा प्रश्न विचारायची सोय म्हणजे लवचिक बजेट, तासांप्रमाणे लांबणारे आणि आखडणारे.

आता तासांचे तीन आकडे समोर आहेत आणि सगळी मेख त्यांच्यात आहे. बजेटचे तास ४,०००. मशिन प्रत्यक्ष चालल्याचे तास ३,६००. आणि तिसरा आकडा, जो कुठल्याही घड्याळात किंवा लॉगबुकात सापडत नाही: १७,००० हबांना बारा-बारा मिनिटे दिली तर जेवढे तास लागायला हवे होते तेवढे, ३,४००. यांना स्टँडर्ड तास म्हणतात. नवीन विद्यार्थी हमखास इथे घसरतो. स्टँडर्ड म्हणजे बजेटमधले, असे समजून तो ४,००० उचलतो. खरे म्हणजे स्टँडर्ड तास ही तयार मालाचीच मोजदाद आहे, फक्त नगांऐवजी तासांत केलेली.

मालावर ओव्हरहेड चढतो तो याच तिसऱ्या आकड्यावर. ३,४०० गुणिले ४५०, म्हणजे १५,३०,००० रुपये. हबांच्या बाजूने मोजले तरी तेच: १७,००० गुणिले ९०. खर्च झाला १७,८२,०००. मधली २,५२,००० रुपयांची दरी म्हणजे बाईंच्या कागदाचा तळचा आकडा. नव्वद रुपये धरलेल्या हबला जवळपास १०५ रुपये पडले.

दरी कळली, पण ती कोणी पाडली हे एका आकड्यातून कळत नाही. त्यासाठी बाई १७,८२,००० आणि १५,३०,००० यांच्यामध्ये दोन पायऱ्या बांधतात.

पहिली पायरी: मशिने ३,६०० तास चालली हे धरून चाललो, तर खर्च किती व्हायला हवा होता? स्थिर १२,००,०००, अधिक ३,६०० तासांचे दीडशेप्रमाणे ५,४०,०००. एकूण १७,४०,०००. दुसरी पायरी: मशिने ठरल्या वेळात, म्हणजे ३,४०० तासांतच काम उरकती, तर खर्च किती झाला असता? १२,००,००० अधिक ५,१०,०००, म्हणजे १७,१०,०००. आता जिना असा उतरतो:

प्रत्यक्ष खर्च: १७,८२,०००
प्रत्यक्ष तासांचे बजेट: १७,४०,०००
स्टँडर्ड तासांचे बजेट: १७,१०,०००
मालावर चढलेला खर्च: १५,३०,०००

तीन टप्पे, तीन तफावती. वरून पहिला टप्पा ४२,००० रुपयांचा, खर्चाची तफावत, म्हणजे स्पेंडिंग व्हेरिअन्स. दुसरा ३०,००० रुपयांचा, कार्यक्षमतेची तफावत. तिसरा १,८०,००० रुपयांचा, उत्पादन कमी झाल्याची, म्हणजे व्हॉल्यूमची. बेरीज २,५२,०००, ताळा जमतो. याला तीनपदरी विश्लेषण म्हणतात.

मालकांची नजर अर्थातच आधी ४२,००० वर जाते, कारण तिथे कोणाला तरी धरता येईल असे वाटते. बाई त्यांना थांबवतात. बेचाळीस हजार हा एक खर्च नाही. एका आकड्यात दोन गोष्टी एकमेकींना झाकून बसल्या आहेत. त्यांना सुटे करायचे तर स्थिर आणि बदलता खर्च वेगवेगळे तपासायला हवेत. चारपदरी पद्धतीतला चौथा पदर तो हाच.

स्थिर खर्च प्रत्यक्षात १२,५७,००० झाला, बजेटपेक्षा ५७,००० जास्त. बदलता खर्च ५,२५,००० झाला, आणि ३,६०० तासांना ५,४०,००० चालले असते. म्हणजे इथे १५,००० वाचले. सत्तावन्न वजा पंधरा, बेचाळीस. तीनपदरी कागदावर वायफळ खर्चाचे एकच गाठोडे दिसत होते. चारपदरी कागदावर एका बाजूला मोठी वाढ आणि दुसऱ्या बाजूला बचत दिसते, आणि दोन्हींची चौकशी वेगळ्या माणसाकडे करावी लागते.

सत्तावन्न हजारांची चौकशी अर्ध्या तासात मिटते. मशिनच्या देखभालीच्या कराराचे तीन महिन्यांचे ६७,५०० रुपयांचे बिल आले आणि अकाउंट्सच्या मुलाने ते सगळे याच महिन्यात टाकले. महिन्याचा वाटा २२,५०० होता; ४५,००० पुढच्या दोन महिन्यांचे आहेत. नोंद दुरुस्त केली नाही तर पुढचे दोन महिने याच रकान्यात साडेबावीस-साडेबावीस हजारांची अनुकूल तफावत दिसेल आणि कोणीतरी त्याचे श्रेय घेईल. उरलेले १२,००० म्हणजे शेडच्या भाड्यातली वाढ. ती वाढ कराराप्रमाणेच झाली, बजेट करताना कोणी करार उघडला नव्हता. तिथे चूक बजेटची आहे, खर्चाची नाही.

खरी गोष्ट दडली आहे ती अनुकूल दिसणाऱ्या पंधरा हजारांत.

स्टोअरच्या माणसाने नेहमीच्या कंपनीचे इन्सर्ट बंद करून निम्म्याहून कमी किमतीचे इन्सर्ट आणले. त्याला शाबासकीही मिळाली. आता जिन्याचा दुसरा टप्पा पाहू. १७,००० हबांना ३,४०० ऐवजी ३,६०० तास लागले, २०० तास जास्त. दोनशे तासांना दीडशे रुपयांप्रमाणे ३०,००० रुपयांची वीज, कूलंट आणि तेल जास्त गेले. तास मोठा वाटतो, म्हणून नगावर आणून पाहावे. एका हबला १२ मिनिटांऐवजी १२ मिनिटे ४२ सेकंद लागले. बेचाळीस सेकंद दिसत नाहीत. मशिनपाशी उभ्या असलेल्या माणसालाही ते जाणवत नाहीत. पण ते सतरा हजार वेळा झाले.

हे सेकंद शोधायला सुपरवायझर स्टॉपवॉच घेऊन एका मशिनपाशी उभा राहतो. बारा मिनिटांतली पाच मिनिटे खऱ्या कातकामाची, बाकीची जॉब चढवण्या-उतरवण्याची, उलटवण्याची, भोके पाडण्याची. नवा इन्सर्ट लवकर बोथट होतो म्हणून ऑपरेटरने फीड ओव्हरराइडचा नॉब शंभरवरून नव्वदवर आणून ठेवला आहे. पाच मिनिटांचे कातकाम नव्वद टक्के वेगाने केले की साडेपाच मिनिटांच्या थोडे वर जाते. तेहतीस सेकंद तिथे गेले. पूर्वी इन्सर्टचा एक कोपरा साठ हब काढायचा, आता तीसच काढतो. कोपरा फिरवणे, ऑफसेट देणे, पहिला नग मोजून पाहणे याला सहा मिनिटे लागतात. साठ हबांत वाटली तर नगाला सहा सेकंद, तिसांत वाटली तर बारा. आणखी सहा सेकंद सापडले. उरलेले दोन-तीन इकडेतिकडे.

ऑपरेटरला कोणी विचारले असते तर त्याने पहिल्याच दिवशी सांगितले असते. "इन्सर्ट तुटतोय साहेब, म्हणून फीड कमी केलं. नाहीतर जॉबच रिजेक्ट गेला असता." त्याचे म्हणणे चूक नाही. समोर आलेल्या मालाने त्याने शक्य तेवढे नीट काम केले.

तर स्टोअरने पंधरा हजार वाचवले आणि मशिनवर तीस हजार गेले. अनुकूल तफावत एका खात्यात, प्रतिकूल दुसऱ्या, आणि कारण एकच. जुन्या तीनपदरी कागदावर पंधरा हजार भाड्याच्या आणि देखभालीच्या बिलांखाली गाडले गेले होते, त्यामुळे या दोन गोष्टींचे नाते लागलेच नसते. यासाठी चौथा पदर.

या जागी आणखी एक बारकावा आहे. पंधरा हजारांची बचत मोजली ती ३,६०० तासांच्या बजेटशी ताडून. पण ते बजेटच मुळी सढळ आहे, कारण तास वाढले म्हणून मुभाही वाढली. ३,४०० तासांच्या मुभेशी, म्हणजे ५,१०,००० शी ताडले तर बदलता खर्च १५,००० जास्तच निघतो. कार्यक्षमतेची तफावत बाजूला ठेवून नुसती खर्चाची तफावत वाचली की असा मुखवटा चढतो.

मात्र चार पदर उलगडायचे तर खातेवहीही तशी हवी. वीजबिलच घ्या. महावितरणच्या औद्योगिक बिलात डिमांड चार्ज असतो. तो मशिने बंद ठेवली तरी भरावा लागतो. आणि युनिटांचा आकार वेगळा असतो, तो वापराप्रमाणे चढतो-उतरतो. बऱ्याच छोट्या कारखान्यांत अख्खे बिल 'लाईट बिल' या एकाच खात्यात जाते. मग काम कमी असलेल्या महिन्यात डिमांड चार्ज कमी होत नाही, आणि बदलत्या खर्चाची तफावत विनाकारण प्रतिकूल दिसते. सुपरवायझरला मशिने रिकामी का चालवली म्हणून बोलणी बसतात. ज्याला खातेवहीत हे दोन आकडे वेगळे ठेवायचे नाहीत त्याने चारपदरी विश्लेषण करू नये, तीनपदरीवर थांबावे. खोट्या बारकाव्यापेक्षा खरा ढोबळपणा बरा.

राहिला जिन्याचा शेवटचा आणि सर्वात उंच टप्पा, १,८०,००० रुपयांचा. अडीच लाखांतला बहुतेक भाग इथे आहे, आणि गंमत म्हणजे इथे कोणीही एक रुपया जास्त खर्च केलेला नाही. बारा लाखांचा स्थिर खर्च २०,००० हबांवर पसरेल असे धरून दर काढला होता. हब निघाले १७,०००. सहाशे तासांच्या मालावर चढायचा खर्च चढायला मालच नव्हता. ६०० गुणिले ३०० म्हणजे हेच १,८०,०००. भाडे तेवढेच, घसारा तेवढाच. फक्त त्यांना टेकायला खांदे कमी पडले.

या पैशाचे काय करायचे यावर शंभर वर्षांपूर्वीच भांडण झाले आहे. ज्याच्या नावाचा तक्ता आजही प्रत्येक प्रकल्पाच्या ऑफिसात भिंतीवर लटकतो त्या हेन्री गँट या अमेरिकन इंजिनिअरने १९१५ मध्ये तिथल्या मेकॅनिकल इंजिनिअर्सच्या सोसायटीपुढे एक निबंध वाचला. तेव्हा कारखान्याचा सगळा खर्च, मशिने बंद असली तरी, जो काही माल निघेल त्याच्या माथी मारायची रीत होती. मंदी आली की माल कमी, म्हणून नगाची किंमत जास्त दिसे, म्हणून भाव वाढवावासा वाटे, म्हणून गिऱ्हाईक आणखी कमी. गँटचे म्हणणे साधे होते: मालाने त्याच्या निर्मितीला लागलेलाच खर्च उचलावा. बंद मशिनचा खर्च हा धंद्याचा तोटा आहे, मालाची किंमत नाही.

आज भारतातल्या अकाउंटिंग स्टँडर्ड २ मध्ये हीच गोष्ट नियम म्हणून आहे. शिल्लक मालाची किंमत काढताना स्थिर ओव्हरहेड नेहमीच्या क्षमतेवर वाटायचा. उत्पादन कमी झाले म्हणून नगामागचा वाटा वाढवायचा नाही. न वाटलेली रक्कम त्याच काळाच्या नफा-तोट्याला दाखवायची. आपल्या मालकांच्या गोदामात महिनाअखेरीला हजार हब पडून असतील, तर त्यांवर नव्वद रुपयेच चढतील, एकशे पाच नाहीत.

इथवर एक जिना झाला. पण कॉस्टिंगच्या पुस्तकांत दुसराही जिना असतो आणि दोघांचे नाव तेच असल्याने फार गोंधळ उडतो. अमेरिकन वळणाची पुस्तके व्हॉल्यूमची तफावत अखंड ठेवतात. ब्रिटिश आणि आपल्याकडची पुस्तके तिचे तुकडे पाडतात. दुसऱ्या जिन्यात तिसरी पायरी बदलते. स्टँडर्ड तासांच्या बजेटऐवजी तिथे प्रत्यक्ष तास गुणिले पूर्ण दर येतो: ३,६०० गुणिले ४५०, म्हणजे १६,२०,०००.

आता १७,४०,००० वरून १६,२०,००० वर येताना १,२०,००० उतरतात. ही रिकाम्या क्षमतेची तफावत: मशिने ४०० तास मुळी चाललीच नाहीत, तासाला तीनशे. आणि १६,२०,००० वरून १५,३०,००० वर येताना ९०,०००. ही कार्यक्षमतेची, २०० तासांची पूर्ण साडेचारशे रुपयांनी मोजलेली. वरचे ४२,००० तसेच. बेरीज पुन्हा २,५२,०००.

म्हणजे तीनपदरी म्हटले तर कार्यक्षमतेची तफावत एका पुस्तकात ३०,००० आणि दुसऱ्यात ९०,०००. दोन्ही बरोबर. नव्वदात स्थिर खर्चाचे ६०,००० आहेत, दोनशे तास गुणिले तीनशे. ते सुटे केले की या वळणाचे चारपदरी विश्लेषण तयार होते: खर्चाची ४२,०००, बदलत्या कार्यक्षमतेची ३०,०००, स्थिर कार्यक्षमतेची ६०,००० आणि रिकाम्या क्षमतेची १,२०,०००. म्हणून कोणी "चारपदरी केलंय" म्हणाले तर आधी विचारावे, कोणता पदर उलगडलात? खर्चाचा की व्हॉल्यूमचा?

दुसरा जिना मालकांना पटकन आवडतो, कारण तो दोष वाटून देतो. चारशे तासांचे खापर ऑर्डर न आणणाऱ्यांवर, दोनशे तासांचे शॉप फ्लोअरवर. पण त्यातल्या साठ हजारांकडे जरा संशयाने पाहायला हवे.

समजा पुढच्या महिन्यात चांगले इन्सर्ट परत आले, नॉब शंभरवर गेला, आणि १७,००० हब बरोबर ३,४०० तासांत निघाले. कार्यक्षमतेची तफावत शून्य. बदलत्या खर्चातले तीस हजार खरोखर खिशात राहिले. आणि स्थिर खर्चाचे साठ हजार? ते कुठेच गेले नाहीत. मशिने आता ४०० ऐवजी ६०० तास रिकामी राहिली, म्हणून रिकाम्या क्षमतेची तफावत १,२०,००० वरून १,८०,००० झाली. साठ हजार एका रकान्यातून उठून शेजारच्या रकान्यात बसले. भाडे देणाऱ्याला काही फरक पडला नाही. वाचलेल्या दोनशे तासांत विकता येईल असे काम हाताशी असेल, तरच त्या साठ हजारांना अर्थ येतो. ऑर्डर तुंबल्या आहेत, मशिन पुरत नाही, अशा महिन्यात तो आकडा गंभीर असतो, किंबहुना खरे नुकसान त्याहून मोठे असते. मंदीच्या महिन्यात तो निव्वळ कागदी असतो.

कागदी म्हणण्याला आणखी एक कारण आहे. हा तीनशेचा दर आला कुठून? ४,००० तासांना नेहमीची क्षमता मानले म्हणून. बाईंनी गेल्या दोन वर्षांची सरासरी काढून ३,६०० धरले असते तर दर ३३३ रुपये ३३ पैसे झाला असता आणि व्हॉल्यूमची तफावत १,८०,००० वरून सुमारे ६७,००० वर आली असती. मशिने तीच, बिले तीच, हबही तेवढेच. फक्त भाजक बदलला. म्हणून व्हॉल्यूमचा आकडा वाचण्याआधी भाजक कोणी आणि कधी ठरवला ते पाहावे. खर्चाच्या आणि बदलत्या कार्यक्षमतेच्या तफावतीला हा रोग नाही. त्यांत भाजक येतच नाही.

आपल्याकडच्या पुस्तकांत क्षमतेच्या तफावतीतून आणखी एक कपटा निघतो, कॅलेंडरची तफावत. गणपती विसर्जनाला सुट्टी दिली आणि महिना पंचवीसऐवजी चोवीस दिवसांचा भरला, तर दहा मशिनांचे १६० तास तिथेच गेले, म्हणजे १,२०,००० तले ४८,०००. त्याबद्दल कोणाला बोलण्यात अर्थ नाही, एवढे कळायला तो कपटा उपयोगी पडतो.

बाई आता कागदाच्या पाठीमागे पेन्सिलीने मालकांसाठी वेगळाच हिशेब मांडतात, जो कुठल्याही परीक्षेत विचारत नाहीत. अडीच लाखांतून व्हॉल्यूमचे १,८०,००० काढले. ऑर्डर कमी झाली, तो पैसा खर्च होणारच होता. उरले ७२,०००. दोन पदरांतच विश्लेषण करणारे हाच आकडा काढून थांबतात आणि त्याला आटोक्यात ठेवण्याजोगी तफावत म्हणतात. त्यातून देखभालीच्या बिलाचे ४५,००० काढले, ते पुढच्या महिन्यांचे. उरले २७,०००. त्यात १२,००० भाडेवाढ, ती टळणार नव्हती. आणि १५,००० इन्सर्टचे, वाचलेल्या पंधरा हजारांची वजाबाकी करूनही गेलेले.

"म्हणजे अडीच लाखांतले माझ्या हातात होते ते पंधरा हजार?" मालक विचारतात.

"खर्चाच्या बाजूने पंधरा," बाई म्हणतात. "बाकीचं उत्तर ऑर्डर बुकात आहे."

मालकांना त्यावरून एक फोन आठवतो. चाकणच्या एकाने शाफ्टचे जॉबवर्क देऊ केले होते, मशिन-तासाला २८० रुपये, ऑपरेटरची मजुरी वेगळी. आपला दर साडेचारशे म्हणून त्यांनी तोंडावर नाही सांगितले होते. बाई पेन्सिल पुन्हा उचलतात. मशिन चालले की तासाला १५० रुपये जातील. तीनशे तर न चालतानाही जाताहेतच. २८० मधून १५० गेले, तासाला १३० उरले. दोनशे तासांचे काम असेल तर २६,००० रुपये, इन्सर्टमध्ये गेलेल्यापेक्षा जास्त. नॉब परत शंभरवर आला आणि हबांची ऑर्डर एवढीच राहिली, तर मोकळे तास सहाशे आहेत.

पण ही बेरीज मशिन मोकळे असेल तोवरचीच. पुढच्या महिन्यात हबांचे शेड्यूल परत वीस हजारांवर गेले तर चारही हजार तास लागतील. मग शाफ्टला दिलेला प्रत्येक तास पाच हबांच्या पोटातून काढलेला असेल, आणि त्या तासाची किंमत दीडशे राहणार नाही.

मालक चाकणला फोन लावायला मोबाइल उचलतात, थांबतात, आणि आधी हबवाल्या ग्राहकाच्या परचेसला लावतात. पुढच्या महिन्याचे शेड्यूल आले का, ते विचारायला.